निमंत्रण रात्रपाळीच्या सिस्टरला

मे महिना लागला की तालुक्यातल्या डॉक्टर मंडळींच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक ठरावीक चित्र फिरू लागतं. मधोमध फणा काढलेला नाग, वर आयोजक संस्थांची बोधचिन्हं, खाली ओळीनं मान्यवरांचे फोटो. मजकूरही ठरलेला असतो: 'सर्पदंश व्यवस्थापन : भव्य मोफत कार्यशाळा. सर्व वैद्यकीय व्यावसायिकांनी या सुवर्णसंधीचा लाभ घ्यावा व बहुसंख्येनं उपस्थित राहावं.' वेळ सकाळी दहाची. त्याखाली हात जोडलेले, टाळ्या वाजवणारे अंगठेच अंगठे.

कार्यशाळेच्या दिवशी सभागृह निम्मं भरतं. आलेल्यांत निवृत्त डॉक्टर असतात, वक्त्यांचे स्नेही असतात, जवळच्या महाविद्यालयातून आणून बसवलेले विद्यार्थी असतात. येत नाही ती नेमकी एक व्यक्ती. जुलैतल्या पावसात, रात्री दोन वाजता, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात जीप थांबते आणि 'काहीतरी चावलंय' असं सांगत पोराला आत आणलं जातं, तेव्हा दार उघडणारी व्यक्ती. ती बहुधा सिस्टर असते. तिच्यापर्यंत हे चित्र पोचलेलंच नसतं, कारण ती डॉक्टरांच्या गटात नाही. पोचलं असतं तरी 'वैद्यकीय व्यावसायिक' म्हणजे आपण, असं तिला वाटलं नसतं.

एखाद्या व्यावसायिक गटाला मोफत कार्यशाळेचं निमंत्रण पाठवणं हे वरवर अगदी किरकोळ काम वाटतं. सभागृह ठरलं, वक्ते ठरले, आता कुणीतरी चार ओळी लिहून टाका, असं म्हणून ते सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात तरुण कार्यकर्त्याच्या गळ्यात पडतं. माझ्या मते ते सगळ्यात आधी लिहावं. कोण यावं, तो काय शिकून जाईल आणि त्याला येता कसं येईल, या तीन गोष्टी लिहायला बसलं की कार्यक्रमच बदलू लागतो. सर्पदंशाचं उदाहरण घेऊन हे पाहू. विषय महाराष्ट्राचा आहे आणि निमंत्रण चुकलं तर काय चुकतं हे त्यात स्पष्ट दिसतं.

भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज 'मिलियन डेथ स्टडी' या मोठ्या पाहणीतून निघाला. केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणणं हे त्याचं उद्दिष्ट. आता हे निम्मे मृत्यू वाचायचे कुठे? मोठ्या शहरातल्या अतिदक्षता विभागात नव्हे. पहिला तास जिथे जातो तिथे, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, ग्रामीण रुग्णालयात आणि गावातल्या खासगी दवाखान्यात. सर्पविषावरची लस, म्हणजे ज्याला दवाखान्यात 'एएसव्ही' म्हणतात ती, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालते. ती फ्रिजमध्ये किंवा कपाटात असतेही. अडतं ते दुसरीकडे. लस टोचल्यावर एखाद्या रुग्णाला तीव्र अॅलर्जी येते, रक्तदाब कोसळतो. ती भीती मनात असलेला डॉक्टर लस न देता 'पुढे घेऊन जा' असा कागद लिहितो, आणि पुढचं रुग्णालय दीड तासावर असतं.

कार्यशाळा घ्यायची ती ही भीती घालवण्यासाठी. एवढं आयोजकाच्या डोक्यात पक्कं असेल तर निमंत्रणातली 'कोणासाठी' ही ओळ आपोआप वेगळी होते.

पदांची नावं लिहिण्याऐवजी कामं लिहून पाहा. रुग्ण आला की त्याला तपासतं कोण? वैद्यकीय अधिकारी. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्रांतले कितीतरी वैद्यकीय अधिकारी बीएएमएस झालेले आहेत. 'एमबीबीएस डॉक्टरांसाठी' एवढे दोन शब्द निमंत्रणात घुसले की ते सगळे बाहेर राहतात. लस पाण्यात कालवतं कोण, शिरेत सुई घालतं कोण, पहिली दहा मिनिटं रुग्णाच्या उशाशी उभं राहतं कोण? सिस्टर. रुग्णाला पुढे न्यायची वेळ आली तर वाटेत त्याचा श्वास सांभाळतं कोण? १०८ च्या रुग्णवाहिकेतले डॉक्टर. लस किती उरली, कुठली मुदतबाह्य झाली हे बघतं कोण? औषध निर्माण अधिकारी. आणि गावातल्या लोकांचा पाय पहिला वळतो तो बहुधा खासगी डॉक्टरकडे. हे पाच जण. सर्पमित्रांचा उत्साह दांडगा असतो आणि त्यांना बोलवायचा मोह होतो. पण त्यांना शिकवायचं ते वेगळं आहे. ते आले की सभा साप ओळखण्याकडे वळते आणि लस राहते बाजूला. त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवावा, आणि निमंत्रणात तसं नम्रपणे लिहावं.

कोणासाठी नाही, हे लिहायला आपल्याकडे फार संकोच वाटतो. लग्नाच्या पत्रिकेसारखं 'सहकुटुंब सहपरिवार' लिहायची सवय हाताला असते. पण हाताने करून शिकायच्या कार्यशाळेत चोवीस जागा असतील तर त्यांतली प्रत्येक जागा कुणाची तरी घेतलेली असते.

आता फायदा. 'अद्ययावत माहिती मिळेल', 'ज्ञानात भर पडेल', 'तज्ज्ञांशी संवाद साधता येईल' ही वाक्यं कुठल्याही निमंत्रणात चिकटतात, म्हणून ती कुणीच वाचत नाही. संध्याकाळी घरी जाताना या माणसाला सकाळी येत नव्हतं असं काय येईल, ते लिहायचं. ते लिहिता येण्यासाठी कार्यशाळेत काय घडणार हे आधी ठरावं लागतं.

उदाहरणार्थ, वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्त गोठू देत नाही. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही, काचेची एक नळी लागते. रुग्णाच्या शिरेतून २ मिलिलिटर रक्त काढायचं, नव्या कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं आणि मग एकदाच आडवी करून बघायचं. रक्त ओघळलं तर विष भिनलेलं आहे, लस लागणार. इतकं सोपं, तरीही चुकतं. कारण प्लॅस्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही. साबणानं धुतलेल्या काचेच्या नळीतही तोच घोटाळा. काय झालंय बघू म्हणून पाचव्या मिनिटाला नळी हलवली तरी निकाल बिघडतो. हे तीस स्लाइड दाखवून कळत नाही. टेबलावर काचेची आणि प्लॅस्टिकची अशा दोन नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, त्यात एकाच स्वयंसेवकाचं रक्त घातलं, आणि वीस मिनिटांनी सिस्टरनं स्वतः दोन्ही आडव्या केल्या की कायमचं कळतं. ती वीस मिनिटं फुकट जाऊ नयेत म्हणून चाचणी अगदी सुरुवातीला लावायची आणि मान्यवरांची भाषणं त्या वेळात उरकायची. भाषणं लांबू न देण्याचा याहून सभ्य उपाय मला ठाऊक नाही.

दुसरी गोष्ट लस कालवण्याची. भुकटीच्या प्रत्येक व्हायलमध्ये १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालायचं असतं. सुरुवातीचा डोस साधारण १० व्हायलचा. लहान मूल असलं तरी डोस तेवढाच, कारण सापानं विष सोडताना वय विचारलेलं नसतं. घाईत व्हायल जोरजोरात हलवली की नुसता फेस होतो, म्हणून ती हळूहळू फिरवायची. दहा व्हायल विरघळवणं हे दोन हातांचं काम नाही. रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं हे आधी ठरलेलं असावं लागतं. सरावासाठी मुदतबाह्य व्हायल वापरता येतात. प्रत्येक केंद्रानं आपल्याकडच्या येताना आणाव्यात असं निमंत्रणातच लिहिलं तर सरावाची सोय होते आणि शिवाय कपाटात काय पडून आहे याची आपोआप तपासणी होते.

तिसरी आणि सगळ्यात मोलाची गोष्ट: अॅलर्जी आली तर काय. लस सुरू करण्याआधीच अॅड्रेनालिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, स्नायूत, मांडीच्या बाहेरच्या बाजूला. आधी कातडीखाली थोडी लस टोचून बघण्याची जुनी पद्धत आता सोडून दिलेली आहे, कारण तिच्यातून काहीच कळत नाही आणि वेळ मात्र जातो. ज्या डॉक्टरनं पाच वेळा ही कृती करून बघितली आहे, त्याचा हात रात्री लिहायच्या कागदाकडे आधी जात नाही.

म्हणजे निमंत्रणातली फायद्याची ओळ अशी होईल: 'कार्यशाळेनंतर तुम्ही काचेच्या नळीची चाचणी स्वतः कराल, लसीचा पहिला डोस न चुकता तयार कराल आणि अॅलर्जी आली तर पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं हे न विचारता कराल.' ज्याला हे आधीच येतं तो येणार नाही. ते बरंच आहे.

इथवर आलेले आयोजकही पुढच्या पायरीवर घसरतात, कारण ही पायरी कागदाची आहे. सरकारी आरोग्यसेवेत सिस्टरला किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याला मनात आलं म्हणून दिवसभर केंद्र सोडून येता येत नाही. त्यासाठी वरून पत्र लागतं. आणि 'वर' एकच नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी आणि त्यांच्या खाली तालुका आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं मात्र जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे बोलीभाषेत सिव्हिल सर्जनकडे. आयोजकांनी डीएचओंना पत्र दिलं आणि आनंदानं घरी गेले, की तालुक्यातलं सगळ्यात जास्त सर्पदंश बघणारं ग्रामीण रुग्णालय बाहेर राहतं. दोघांनाही पत्र हवं, आणि त्या पत्रात मागणी नेमकी हवी: अमुक केंद्रातून एक वैद्यकीय अधिकारी आणि एक स्टाफ नर्स, त्या दिवशीची हजेरी कर्तव्यावर धरावी. 'आपल्या अधिनस्त कर्मचाऱ्यांना अवगत करावे' एवढंच लिहिलं तर ते पत्र अवगत होऊन फाइलला लागतं.

केंद्र चोवीस तासांचं असल्यामुळे दोघेही एकाच दिवशी उठून येऊ शकत नाहीत. म्हणून तोच कार्यक्रम लागोपाठ दोन दिवस घ्यावा: आज डॉक्टर, उद्या सिस्टर, असं केंद्रानं आपसांत वाटून घ्यावं. वक्त्यांना दोनदा बोलावं लागतं, आयोजकांचा जेवणाचा खर्च वाढतो. पण निमंत्रणाला 'हो' म्हणणं शक्य होतं.

तारीख ठरवताना तीन गोष्टी बघायच्या. पाऊस सुरू होण्याआधी कार्यशाळा व्हायला हवी, कारण शेतीच्या कामांबरोबर सर्पदंश वाढतात. जून संपल्यावर बोलावलं तर ज्यांना शिकायचं ते रुग्णांतच अडकलेले असतात. त्या गावचा आठवडेबाजार टाळायचा, कारण बाजाराच्या दिवशी ओपीडी तुंबते. आणि लसीकरणाच्या ठरलेल्या दिवसाला हात लावायचा नाही. बाहेरगावचे वक्ते कधी मोकळे आहेत हा प्रश्न या तिघांच्या नंतर येतो. आपल्याकडे तो पहिला विचारतात.

खासगी डॉक्टरांचं गणित निराळं आहे. तालुक्याच्या गावात त्यांचा दवाखाना साधारण सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ असा चालतो. पूर्ण दिवस आला तर त्या दिवसाचं उत्पन्न बुडतं, त्यामुळे कार्यशाळा मोफत असली तरी त्याला ती फुकट पडत नाही. त्याच्यासाठी वेबिनार. वेळ दुपारी अडीचची, मुदत पाऊण तास आणि वर पंधरा मिनिटं प्रश्न. रात्री साडेनऊला ठेवलं तर तो जेवणावर बसलेला असतो, किंवा दिवसभराच्या ओपीडीनंतर त्याचा डोळा लागतो आणि कॅमेरा बंद असल्यामुळे ते कुणाला कळत नाही.

पडद्यावर नळीची चाचणी शिकवता येत नाही. पण मण्यारीची गोष्ट शिकवता येते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना जवळजवळ नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, डॉक्टर आम्लपित्ताची गोळी देतो, आणि काही तासांत पापण्या जड होऊन मिटू लागतात. पोटदुखीच्या रुग्णाला 'काल कुठे झोपला होतात?' आणि 'वर बघा, डोळे उघडे ठेवा' एवढे दोन प्रश्न विचारायला शिकवणं पाऊण तासात होतं. खासगी डॉक्टरला या वेबिनारमधून हेच मिळणार, आणि निमंत्रणात हेच लिहायचं. लस त्याच्याकडे नसते. ओळखून, रुग्णाचा श्वास सांभाळत योग्य ठिकाणी पाठवणं हे त्याचं काम.

वेबिनारचं तंत्रही निमंत्रणाआधी तपासलेलं हवं. झूमचं फुकटचं खातं चाळीस मिनिटांनी बैठक तोडतं. 'मण्यारीत पहिलं लक्षण म्हणजे' इथवर वक्ते आले आणि पडदा काळा झाला, असं व्हायला नको. एक तर पैसे भरून खातं घ्यावं किंवा विषय चाळीस मिनिटांत बसवावा.

आता 'मोफत' या शब्दाकडे वळू. डॉक्टर मंडळींना मोफत म्हटलं की पहिला प्रश्न पडतो: पैसे कोण देतंय? आणि तो पडायलाच हवा. औषध कंपन्यांनी डॉक्टरांना काय द्यावं, काय देऊ नये याची आचारसंहिता केंद्रानं मार्च २०२४ मध्ये नव्यानं जाहीर केली आहे. भेटवस्तू आणि प्रवासाची बडदास्त तिच्यात बसत नाही. शैक्षणिक कार्यक्रमांना मदत करायची तर ती उघडपणे करावी लागते. म्हणून निमंत्रणात एक सरळ ओळ असावी: चहा, जेवण आणि सरावाचं साहित्य आयोजकांकडून, येण्याजाण्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा, सभागृह अमुक यांनी विनामूल्य दिलं, कुठल्याही कंपनीचा निधी नाही. आणि असेल तर कंपनीचं नाव. ही ओळ गाळून मागच्या पडद्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात झळकलं तर पुढच्या वर्षी तुमचं निमंत्रण कुणी उघडत नाही.

गुणांचीही तीच गत. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना डॉक्टरांना प्रशिक्षणाचे ३० गुण दाखवावे लागतात, त्यामुळे 'क्रेडिट' हा शब्द दिसला की नोंदणी भराभर होते. पण त्यासाठी परिषदेची मान्यता कार्यक्रमाच्या आधी घ्यावी लागते. अर्ज केलाय, मिळेलच, एवढ्या भरवशावर ते छापू नये. शिवाय हे गुण त्या परिषदेकडे नोंदणी असलेल्यांना लागतात. बीएएमएस डॉक्टरांची आणि नर्सेसची परिषद वेगळी आहे. सरसकट 'सर्वांना क्रेडिट गुण' लिहिलं की कार्यक्रमाच्या शेवटी प्रमाणपत्रांच्या टेबलाशी वाद होतो. हजेरीचं प्रमाणपत्र सर्वांना आणि गुण अमक्यांना, असं दोन तुकड्यांत लिहावं.

सहभागी कसं व्हायचं, हा भाग जितका छोटा तितका बरा. तरीही एका गोष्टीवर थांबतो, कारण तिच्यामुळे चांगली निमंत्रणं वाया जातात. व्हॉट्सअॅपवर निमंत्रण चित्र म्हणून पाठवलं की त्यातल्या लिंकवर बोट ठेवून काही उघडत नाही आणि फोन नंबर लागत नाही. वाचणाऱ्याला तो कागदावर उतरवून मग फिरवावा लागतो. तेवढं कोण करतं? म्हणून मजकूर अक्षरांत लिहून पाठवावा, चित्र हवं तर त्याच्या सोबत. पण पुढे पाठवणारे बहुतेक वेळा नुसतं चित्रच पाठवतात, म्हणून फोन नंबर आणि तारीख चित्रातही हवी. ब्रॉडकास्ट यादीवरून पाठवत असाल तर तो संदेश फक्त तुमचा नंबर साठवून ठेवलेल्यांनाच पोचतो, हे लक्षात ठेवा. नाहीतर दोनशे जणांना पाठवल्याच्या समाधानात तीस जणांनाच कळवलेलं असतं. आणि लिंक आखूड केलेली नको. लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइल पाठवून खाती रिकामी करणाऱ्यांनी लोकांना शहाणं केलं आहे. अनोळखी नंबरवरून आलेल्या विचित्र लिंकवर आता शहाणा डॉक्टर बोट ठेवत नाही. त्यानं खात्री करून घ्यावी म्हणून एका माणसाचं नाव आणि तो फोन उचलण्याची वेळ द्यावी.

नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव, काम करण्याचं ठिकाण, हुद्दा, फोन, कुठला दिवस सोयीचा, आणि गुण हवे असणाऱ्यांसाठी परिषदेचा नोंदणी क्रमांक. आधार क्रमांक, जन्मतारीख, घरचा पत्ता मागायचं काहीच कारण नाही. यात एकच जास्तीचा प्रश्न घालावा: 'गेल्या पावसाळ्यात तुमच्याकडे आलेल्या एखाद्या सर्पदंशाच्या रुग्णाबद्दल तुम्हाला कुठे अडलं?' उत्तरं वाचून वक्त्यांनी आपलं बोलणं बदलावं. अर्धी उत्तरं अॅलर्जीच्या भीतीची निघतात, आणि मग सापांच्या जातींवरच्या चाळीस स्लाइड आपोआप गळतात.

हे सगळं जमेला धरून, एखाद्या तालुक्यासाठी निमंत्रण असं लिहिता येईल:

'नमस्कार. येत्या पावसाळ्यात सर्पदंशाचा रुग्ण सर्वप्रथम ज्यांच्यापुढे येणार आहे, त्यांच्यासाठी ही मोफत कार्यशाळा आहे: प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालयातले वैद्यकीय अधिकारी (एमबीबीएस आणि बीएएमएस दोन्ही), स्टाफ नर्स, औषध निर्माण अधिकारी आणि १०८ चे डॉक्टर.

काचेच्या नळीतली रक्त चाचणी, लसीचा पहिला डोस तयार करणं आणि अॅलर्जी आल्यास अॅड्रेनालिन देणं, या तीन गोष्टी तुम्ही स्वतःच्या हातांनी कराल. बुधवार २० मे आणि गुरुवार २१ मे, सकाळी १०.३० ते दुपारी १.३०, ग्रामीण रुग्णालयाचं सभागृह. दोन्ही दिवशी कार्यक्रम एकच आहे. केंद्रातून एका दिवशी एकानेच यावं. डीएचओ आणि सिव्हिल सर्जन यांची परवानगी पत्रं सोबत जोडली आहेत, हजेरी कर्तव्यावर धरली जाईल.

रोज २४ जागा. जेवण आणि साहित्य आमच्याकडून, प्रवास आपला. कुठल्याही कंपनीचा निधी नाही. तुमच्या केंद्रातल्या मुदतबाह्य लसीच्या व्हायल सरावासाठी आणा. हजेरी प्रमाणपत्र सर्वांना मिळेल. परिषदेचे गुण मंजूर झाल्यास वेगळं कळवू.

नाव नोंदवायला खालचा फॉर्म भरा, किंवा दुपारी ३ ते ५ मध्ये फोन करा. १२ मेपर्यंत जागा मिळाल्याचा संदेश येईल. येणं रद्द झालं तर कळवा, प्रतीक्षा यादीतल्यांना बोलावता येईल.

खासगी डॉक्टरांसाठी मण्यारदंश ओळखण्यावर वेबिनार मंगळवार १९ मे, दुपारी २.३० ते ३.३०. सर्पमित्रांसाठी कार्यक्रम जूनमध्ये, त्याचं निमंत्रण वेगळं पाठवू.'

सुवर्णसंधी नाही, बहुसंख्या नाही, फणाही नाही. छापून लावलं तर कंटाळवाणं दिसेल. पण वाचणाऱ्या सिस्टरला दुसऱ्या वाक्यात आपलं नाव दिसतं आणि तिच्या डॉक्टरांना तिला सोडायचं कसं हेही कळतं.

पाठवल्यानंतरचं काम फोनवरचं आहे. मोफत कार्यक्रमाला नाव देऊन न येणारे बरेच असतात, त्यात त्यांचं फार जात नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी एक संदेश आणि सकाळी आठला दुसरा, त्यात सभागृहाचं ठिकाण पुन्हा. एखाद्याचा नकार आला की त्याच क्षणी प्रतीक्षा यादीतल्याला फोन, संदेश नव्हे.

आणि १२ मेच्या संध्याकाळी तालुक्यातल्या केंद्रांची यादी घेऊन बसावं. एकूण नावं किती आली हे बघायचंच नाही. ज्या केंद्रातून एकही नाव नाही, तिथे काय अडलं ते विचारायला फोन करायचा. बहुतेकदा उत्तर येतं की पत्र मिळालंच नाही, किंवा केंद्रात सध्या एकच डॉक्टर आहेत. पहिलं पुन्हा पाठवून सुटतं. दुसऱ्यासाठी त्या केंद्रातल्या सिस्टरचं नाव आपणच विचारून घ्यावं आणि त्या दोन दिवसांतली एक जागा तिच्या नावानं राखून ठेवावी.